दरमहा जाणारी देणगी बंद कशी करावी आणि त्याचा करसवलतीच्या कागदपत्रांवर काय परिणाम होतो

मराठवाड्यातील अनेक नोकरदार कुटुंबांचा वर्षाचा हिशेब दोन पायांवर उभा असतो. दरमहाच्या पगारावर घरखर्च चालतो आणि शाळेची फी, पीककर्ज व घरातले लग्नकार्य हे मोठे खर्च सोयाबीन किंवा कापसाच्या पैशावर भागतात. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीसारख्या संकटात शेतीचा पाय गेला की पहिली कात्री अशा खर्चांना लावावी लागते, जे आपण होऊन सुरू केलेले असतात आणि खात्यातून आपोआप जातात. सामाजिक संस्थेला दरमहा जाणारी देणगी ही त्यांपैकी एक. ती थांबवताना बहुतेकांना दोन शंका असतात: एकदा दिलेली संमती मध्येच मागे घेता येते का, आणि घेतली तर देणगीवर मिळणारी, प्राप्तिकर कायद्याच्या ‘८०-जी’ कलमाची करसवलत जाऊन उलट कर भरावा लागेल का? पहिल्या शंकेचे उत्तर ‘होय, केव्हाही घेता येते’ असे आहे. दुसरीचे उत्तर प्रत्येकाच्या करप्रणालीवर अवलंबून असले, तरी आधी दिलेल्या देणगीवरील सवलत पुढचे हप्ते थांबवल्यामुळे कोणाचीही जात नाही. या लेखात प्रामुख्याने बँक खात्यावरील नॅच मँडेटने, म्हणजे ठरलेली रक्कम आपोआप देण्यासाठी आपण बँकेला दिलेल्या आदेशाने, जाणाऱ्या देणगीचा विचार केला आहे, कारण अडचणी सर्वाधिक तिथेच येतात.

उदाहरणासाठी एक कुटुंब घेऊ. लातूरमधील एका अनुदानित शाळेत शिक्षक असलेले गृहस्थ मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दरमहा १,२०० रुपये देत होते. ही रक्कम प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेला त्यांच्या बँक खात्यातून मँडेटने कापली जात असे. त्यांची पत्नी स्वतःच्या खात्यातून, मोबाइलवरील यूपीआय ऑटोपेने, एका वृद्धाश्रमाला दरमहा ३०० रुपये पाठवत असे. औसा तालुक्यातील त्यांचे सोयाबीन पाण्याखाली गेले आणि दिवाळीनंतर हिशेब मांडल्यावर दोन्ही देणग्या थांबवण्याचे ठरले. हे कुटुंब काल्पनिक आहे, परंतु त्यांच्यापुढे जे प्रश्न आले ते अशा प्रसंगी प्रत्यक्षात येतातच.

आधी पैसा कोणत्या मार्गाने जातो ते शोधावे

देणगी बंद करण्याची रीत ती कोणत्या मार्गाने जाते यावर ठरते. त्यामुळे पहिले काम पासबुक छापून घेण्याचे किंवा खात्याचा उतारा काढण्याचे आहे. उतारा किमान मागील तेरा महिन्यांचा असावा, कारण काही देणग्या वर्षातून एकदाच कापल्या जातात आणि तीन-चार महिन्यांच्या उताऱ्यात त्या दिसतच नाहीत. नोंदीत `ACH` किंवा `NACH` अशी अक्षरे असतील, तर ती नॅच पद्धतीची वसुली असते. म्हणजे आपण कधी तरी कागदावर सही करून, किंवा ऑनलाइन संमती देऊन, ‘ही संस्था मागेल तेव्हा माझ्या खात्यातून इतकी रक्कम द्यावी’ असा आदेश आपल्या बँकेला दिलेला असतो. नोंदीत `UPI` व त्यासोबत मँडेट किंवा ऑटोपेचा उल्लेख असेल, तर व्यवहार मोबाइल अॅपवरून चालतो. कार्डाच्या उताऱ्यात नोंद असेल, तर तो कार्डावरील ई-मँडेट समजावा. पुष्कळदा नोंदीत संस्थेचे नाव नसून तिच्या वतीने वसुली करणाऱ्या पेमेंट कंपनीचे नाव असते. अशा वेळी रक्कम आणि तारीख संस्थेच्या पावतीशी ताडून पाहावी आणि नाव ओळखीचे नाही म्हणून ती नोंद सोडून देऊ नये.

नॅच मँडेट असेल, तर त्याचा `UMRN` क्रमांक शोधून ठेवावा. अक्षरे व अंक मिळून तो वीस स्थानांचा असतो आणि प्रत्येक मँडेटला स्वतंत्र असतो. नोंदणीच्या वेळी आलेल्या संदेशात, नेट बँकिंगमधील मँडेटच्या यादीत किंवा बँकेच्या शाखेत तो मिळतो. त्याच खात्यावर गृहकर्जाचा, विम्याचा किंवा म्युच्युअल फंडाचा मँडेटही असू शकतो. क्रमांक न देता ‘माझा नॅच बंद करा’ एवढेच सांगितले, तर भलताच मँडेट रद्द होऊन कर्जाचा हप्ता चुकण्याचा धोका असतो.

खाते रिकामे ठेवणे हा मार्ग नव्हे

काही जण अर्ज वगैरे न करता वसुलीच्या तारखेपूर्वी खात्यातील पैसे काढून घेतात आणि एक-दोनदा वसुली फसली की संस्था आपोआप थांबेल असे धरून चालतात. यात पहिले नुकसान बँकेच्या दंडाचे असते. शिल्लक अपुरी असल्याने नॅच परत गेला की बँक शुल्क लावते, त्यावर जीएसटी घेते, आणि अनेक बँकांत हे शुल्क काही शे रुपयांचे असते. मँडेट जिवंत असेपर्यंत वसुलीची मागणी येतच राहते, त्यामुळे दंडही दर महिन्याला लागू शकतो. १,२०० रुपये वाचवण्यासाठी असा दंड भरत राहणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही.

अशा वेळी ‘बाउन्स झाला तर केस होते’ अशी भीतीही घातली जाते. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ मध्ये इलेक्ट्रॉनिक वसुली अपुऱ्या शिलकीमुळे फसल्यास शिक्षेची तरतूद आहे, हे खरे. परंतु ते कलम कायद्याने वसूल करता येणारे कर्ज किंवा अन्य देणे फेडण्यासाठी दिलेल्या आदेशाबद्दल आहे. स्वेच्छेने दिली जाणारी देणगी हे तसे देणे नाही. तेव्हा या भीतीपोटी देणगी चालू ठेवण्याचे कारण नाही, मात्र दंड टाळण्यासाठी मँडेट रीतसर रद्द करणे आवश्यक आहे.

संस्थेला आणि बँकेला एकाच दिवशी कळवावे

या शिक्षकांनी २० नोव्हेंबरला संस्थेला ई-मेल पाठवला आणि काम झाले असे मानले. संस्थेचे उत्तर चार दिवसांनी आले. पुढील महिन्याची वसुली यादी आधीच तयार झालेली असल्याने विनंती त्यानंतरच्या महिन्यापासून लागू होईल, असे त्यात म्हटले होते. ७ डिसेंबरला रविवार होता. सुट्टीच्या दिवशी पैसे जाणार नाहीत असा त्यांचा समज होता, पण १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतो. १,२०० रुपये रविवारीच कापले गेले. शिक्षक संस्थेला पाठवलेल्या ई-मेलवर विसंबून राहिले आणि बँकेला काहीच कळवले नाही, म्हणून हे घडले.

मँडेट हा खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला आदेश असतो, त्यामुळे तो मागे घेण्याची सूचना बँकेकडेच पोहोचली पाहिजे. संस्थेला कळवणेही तितकेच गरजेचे आहे, कारण तिने वसुलीची यादी बदलली नाही तर मागणी येत राहील, आणि करसवलतीचे प्रमाणपत्रही पुढे तिच्याकडूनच मिळणार असते. म्हणून पत्र आणि बँकेचा अर्ज ही दोन्ही कामे एकाच दिवशी, वसुलीच्या तारखेपूर्वी शक्य तर दहा-बारा दिवस आधी करावीत.

संस्थेला लिहायच्या पत्रात कारणांचा पाढा वाचण्याची गरज नसते. मजकूर साधारण असा पुरेसा होतो:

‘मी आपल्या संस्थेला दरमहा १,२०० रुपये देणगी देत आहे. माझा देणगीदार क्रमांक व मँडेटचा UMRN क्रमांक खाली दिला आहे. घरच्या आर्थिक परिस्थितीत बदल झाल्यामुळे ही देणगी मी आजपासून थांबवीत आहे. कृपया मँडेट रद्द करावा, यापुढे कोणतीही वसुली करू नये आणि तसे लेखी कळवावे. चालू आर्थिक वर्षात आजपर्यंत दिलेल्या देणगीचे १०-बीई प्रमाणपत्र माझ्या पॅनवर व खालील ई-मेल पत्त्यावर पाठवावे.’

शेवटचे वाक्य, म्हणजे करसवलतीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची मागणी, बहुतेक जण लिहीत नाहीत आणि पुढे मे महिन्यात त्यांचीच धावपळ होते. संस्थेकडे पॅन चुकीचा असेल किंवा नोंदवलेला ई-मेल बंद पडलेला असेल, तर ते दुरुस्त करण्याची ही योग्य वेळ आहे.

पत्रानंतर संस्थेकडून फोन येण्याची शक्यता असते. रक्कम कमी करा किंवा तीन महिने थांबवा, असे सुचवले जाते. परिस्थिती खरोखरच तात्पुरती असेल तर हे पर्याय वाईट नाहीत. परंतु ‘थांबवलेला’ मँडेट ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा सुरू होतो आणि तोपर्यंत आपण ते विसरलेलो असतो. सोयाबीनचे पुढचे पीक हाती यायला वर्ष लागणार असेल, तर तीन महिन्यांच्या स्थगितीने काही साधत नाही. त्यापेक्षा मँडेट पूर्ण रद्द करून, हाती पैसा आल्यावर नव्याने देणगी देणे मला अधिक सुरक्षित वाटते.

बँकेत दोन प्रकारे काम होते. अनेक बँकांच्या नेट बँकिंगमध्ये किंवा अॅपमध्ये मँडेटची यादी असते आणि तिथून रद्द करण्याची सोय असते. ती नसेल, तर शाखेत जाऊन मँडेटचा फॉर्म भरावा. नवीन मँडेटसाठी वापरला जातो तोच हा फॉर्म असतो. त्यात वरच्या बाजूला `CREATE`, `MODIFY` आणि `CANCEL` असे तीन चौकोन असतात. `CANCEL` वर खूण करून `UMRN` लिहावा, खात्यावर असते तशीच सही करावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नये, कारण पुढचा हप्ता कापला गेल्यास तोच एक पुरावा हाती असतो. अर्ज करताना ‘एका हप्त्याचे पेमेंट थांबवणे’ आणि ‘मँडेट रद्द करणे’ यांतील फरक काउंटरवर स्पष्ट करून घ्यावा. पहिल्याने फक्त एक वसुली अडते आणि पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा जातात.

लहान शाखांत ‘हे आमच्याकडून होत नाही, संस्थेलाच सांगा’ असे उत्तर मिळू शकते. ते मान्य करू नये. खातेदाराच्या विनंतीवरून मँडेट रद्द करणे हे त्याच्या बँकेचे काम आहे. तोंडी वाद घालण्यापेक्षा शाखा व्यवस्थापकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास `cms.rbi.org.in` या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. बहुतेक वेळा अर्जावर पोच मागितली की काम मार्गी लागते.

यूपीआय ऑटोपे आणि कार्ड यांचे काम तुलनेने सोपे आहे. ज्या यूपीआय अॅपमधून संमती दिली, त्याच्या प्रोफाइलमध्ये `Autopay` हा भाग असतो. तिथे चालू मँडेट निवडून तो रद्द करता येतो, आणि शिक्षकांच्या पत्नीने वृद्धाश्रमाचे ३०० रुपये घरी बसल्या असेच थांबवले. अॅप मोबाइलमधून काढून टाकल्याने मँडेट रद्द होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. कार्डावरील ई-मँडेटच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना पाठवणे बंधनकारक आहे, आणि त्या सूचनेवरून तो व्यवहार किंवा संपूर्ण मँडेट नाकारता येतो. देणगीची सूचना जाहिरातीच्या संदेशांत हरवू नये एवढे पाहावे.

रद्द झाले की नाही ते तपासणे आणि कापलेला हप्ता परत मागणे

शिक्षक ९ डिसेंबरला शाखेत गेले, फॉर्म भरून पोच घेतली आणि १२ तारखेला मँडेट रद्द झाल्याचा संदेश आला. एवढ्यावर न थांबता त्यांनी ७ जानेवारी व त्यापुढील दोन-तीन दिवस खाते तपासले. फक्त वसुलीच्या तारखेला पाहणे पुरेसे नसते, कारण एखादी मागणी उशिरा किंवा फसल्यास पुन्हा येऊ शकते. खात्यात कापलेली रक्कम नसली, तरी वसुली परत गेल्याचे शुल्क लागलेले नाही ना, हेही पाहावे. तसे शुल्क दिसले, तर संस्थेची मागणी अजून येत आहे असा त्याचा अर्थ होतो. रद्द केलेल्या मँडेटवर लावलेले शुल्क परत मिळावे म्हणून पोच दाखवून बँकेकडे अर्ज करावा.

७ डिसेंबरला गेलेले १,२०० रुपये परत मिळतील का, हा प्रश्न संस्थेच्या सौजन्याचा आणि तिच्या परतावा धोरणाचा आहे. त्या वेळी मँडेट कायदेशीररीत्या चालू होता, त्यामुळे बँकेला दोष देता येत नाही. परंतु वसुलीपूर्वीच, २० नोव्हेंबरला, लेखी कळवलेले असल्याने विनंतीला आधार होता. संस्थेने १८ डिसेंबरला रक्कम परत केली. अशी रक्कम परत आली की तिची नोंद जपून ठेवावी, कारण करसवलतीचा हिशेब त्यामुळे बदलतो.

करसवलतीचा प्रश्न

करसवलतीच्या बाबतीत सर्वांत आधी हे स्पष्ट व्हावे की प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ८०-जी खालील वजावट प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर, ज्या आर्थिक वर्षात ती दिली त्या वर्षासाठी मिळते. देणगी किती वर्षे चालू ठेवली पाहिजे अशी अट त्या कलमात नाही. आयुर्विम्याची पॉलिसी लवकर बंद केल्यास आधी घेतलेली सवलत उलटू शकते, आणि त्याच धर्तीवर देणगीचेही तसेच होत असावे असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. मागील वर्षांची विवरणपत्रे आहेत तशीच राहतात आणि त्यांत काही दुरुस्ती करावी लागत नाही.

त्यानंतर आपली करप्रणाली कोणती ते पाहावे, कारण पुष्कळांचा प्रश्न इथेच संपतो. नव्या करप्रणालीत ८०-जी ची वजावट मिळतच नाही, आणि आपण मुद्दाम जुनी निवडली नसेल तर नवी प्रणालीच लागू असते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे कर लागत नाही. नोकरदारांची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरली, तर १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याचा कर शून्य होतो. या शिक्षकांचे वार्षिक वेतन साडेदहा लाखांच्या आसपास होते. नव्या प्रणालीत त्यांचा कर शून्य येत होता, म्हणून देणगीची पावती असली काय आणि नसली काय, कराच्या आकड्यात फरक पडणार नव्हता. ‘सवलत जाईल’ म्हणून देणगी रेटत राहण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येकाने मांडून पाहावा.

ज्यांना घरकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता यांसारख्या मोठ्या वजावटी असल्याने जुनी प्रणाली फायद्याची ठरते, त्यांनी पुढचा हिशेब करावा. बहुतेक नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम वजा होते, तीही समायोजित सकल उत्पन्नाच्या, म्हणजे ढोबळमानाने इतर वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या, १० टक्क्यांच्या मर्यादेत. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने ते या उत्पन्नात मोजले जात नाही. फक्त शेतीवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबाला करच नसल्याने ८०-जी चा लाभही नसतो. आता समजा, त्याच संस्थेला तितकीच देणगी देणारे आणि जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असणारे दुसरे कोणी आहेत. त्यांनी वर्षभर १४,४०० रुपये दिले असते, तर ७,२०० रुपयांची वजावट होऊन उपकरासह सुमारे १,४९८ रुपये कर वाचला असता. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांचे ९,६०० रुपये दिले, तर वजावट ४,८०० रुपयांची होते आणि सुमारे ९९८ रुपये वाचतात. म्हणजे चार हप्ते थांबवल्याने घरात ४,८०० रुपये राहिले आणि त्यातून कराच्या रूपाने जेमतेम ५०० रुपये अधिक गेले.

कार्यालयात वर्षाच्या सुरुवातीला दिलेल्या गुंतवणुकीच्या अंदाजपत्रकात वर्षभराची देणगी दाखवली असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत पुरावे सादर करताना ती प्रत्यक्ष रकमेइतकी कमी करावी. सामान्य संस्थांच्या देणगीची वजावट बहुतेक कार्यालये पगारातून कर कापताना धरतच नाहीत आणि ती विवरणपत्रातच मागावी लागते. कार्यालयाने ती धरली असेल तर फॉर्म १६ मध्ये जास्तीची वजावट दिसेल. अशा वेळी विवरणपत्रात खरी रक्कमच लिहावी आणि फरकाचा कर भरूनच ते दाखल करावे.

१०-बीई प्रमाणपत्र ताडून पाहणे

जुन्या प्रणालीतून वजावट मागणाऱ्यांसाठी साधी पावती आता पुरेशी नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून अशा संस्थांना वर्षातील सर्व देणग्यांचे विवरण १०-बीडी या नमुन्यात प्राप्तिकर विभागाकडे द्यावे लागते आणि देणगीदाराला १०-बीई प्रमाणपत्र द्यावे लागते. दोन्हींची मुदत वर्ष संपल्यानंतर ३१ मेपर्यंत असते. नोव्हेंबरमध्ये देणगी थांबवणाऱ्याला डिसेंबरमध्ये हे प्रमाणपत्र मिळणार नाही, ते पुढच्या मे अखेरपर्यंत येईल. विवरणपत्रातील ८०-जी च्या तक्त्यात संस्थेचे नाव, पत्ता, पॅन आणि रोख व इतर मार्गांनी दिलेली रक्कम या प्रमाणपत्रावरून भरावी. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर वजावट मिळत नाही.

प्रमाणपत्र आल्यावर त्यातील रक्कम खात्याच्या उताऱ्याशी हप्त्यागणिक ताडावी. शिक्षकांच्या प्रमाणपत्रात १०,८०० रुपये दाखवले होते, कारण डिसेंबरचा हप्ता परत केल्याची नोंद संस्थेच्या हिशेबात देणगीशी जोडली गेली नव्हती. परत मिळालेली रक्कम ही देणगी नव्हे. प्रमाणपत्रावर छापली आहे म्हणून तिच्यावर वजावट मागणे चुकीचे ठरते, आणि पुढे विचारणा झाल्यास आपल्याच खात्याचा उतारा आपल्या विरुद्ध जातो. त्यांना स्वतःला वजावट घ्यायची नव्हती, तरी त्यांनी परताव्याची नोंद जोडून संस्थेला पत्र लिहिले. संस्थेने विवरणात दुरुस्ती दाखल करून ९,६०० रुपयांचे सुधारित प्रमाणपत्र दिले. रक्कम कमी दिसत असेल, पॅन चुकला असेल किंवा प्रमाणपत्र आलेच नसेल, तरीही दुरुस्ती संस्थेकडूनच करून घ्यावी लागते. विवरणपत्राची मुदत सर्वसाधारण पगारदारांसाठी ३१ जुलै असते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच हे पत्र जायला हवे. मुदत चुकली तर जुन्या करप्रणालीचा पर्यायच हातून जातो आणि त्यासोबत ८०-जी चा लाभही.

घरातल्या दोन देणग्या एकत्र करण्याची चूक पुष्कळदा होते. पत्नीने वृद्धाश्रमाला स्वतःच्या खात्यातून आणि स्वतःच्या पॅनवर दिलेले पैसे पतीच्या विवरणपत्रात दाखवता येत नाहीत, मग ते घरखर्चाच्या पैशातून गेलेले असोत. संयुक्त खात्यातून दिलेल्या देणगीचे प्रमाणपत्र कोणाच्या पॅनवर आहे ते पाहावे.

शेती असणाऱ्या पगारदारांनी विवरणपत्राचा नमुनाही जपून निवडावा. वर्षातील शेती उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-१ भरता येत नाही आणि आयटीआर-२ भरावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने त्यापुढील वर्षांसाठी कलमांचे क्रमांक बदलतात. मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या देणग्यांचा हिशेब मात्र वर सांगितलेल्या जुन्या कायद्यानेच करावयाचा आहे, विवरणपत्र त्यानंतर भरले तरीही.

संस्थेला पाठवलेले पत्र, बँकेची पोच, मँडेट रद्द झाल्याचा संदेश, परताव्याची नोंद असलेले पासबुकाचे पान आणि सुधारित १०-बीई हे पाच कागद त्या वर्षाच्या विवरणपत्राच्या प्रतीसोबत एकाच पाकिटात ठेवावेत. पाकिटावर संस्थेचे नाव आणि शेवटच्या हप्त्याची तारीख लिहावी.